आवाज आपोआप थांबतो: परक्या भाषेतल्या पॉडकास्ट अ‍ॅपचं दुखणं कसं शोधावं

लक्षणं

"पुस्तक ऐकता ऐकता मध्येच गप्प होतं." "एक भाग संपला की पुढचा लागत नाही." "काल डाउनलोड केलेलं आज चालत नाही." "स्क्रीन बंद केली की थोड्या वेळात आवाज जातो." घरातले, ओळखीतले लोक माझ्याकडे फोन घेऊन येतात ते यातलं एखादं वाक्य बोलतच. चौघांची तक्रार वेगळी वाटते, पण मूळ एकच असतं: कोणी हात न लावता आवाज थांबतो.

अ‍ॅप परक्या भाषेत असलं की यात भर पडते. आवाज का थांबला हे बऱ्याचदा स्क्रीनवर चक्क लिहिलेलं असतं, फक्त ते वाचता येत नाही. भाषा शिकणारे लोक मुद्दाम अख्खा फोन त्या भाषेत ठेवतात. शब्द डोळ्यांखालून जावेत म्हणून. कल्पना चांगली आहे, मीही जर्मन शिकताना तेच केलं होतं. म्हणून इथली उदाहरणं जर्मन स्क्रीनची आहेत. तुमचा फोन फ्रेंच किंवा जपानीत असला तरी शोधायच्या जागा याच.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक छोटं काम करा, पैसा लागत नाही. आवाज थांबला की दोन आकडे लिहून ठेवा: घड्याळात किती वाजले, आणि पुस्तक किती मिनिटांवर थांबलं. सुरू करतानाचे हेच दोन आकडेही हवेत. असं तीन वेळा करा. तेवढ्यात अर्धं निदान होतं, कारण थांबण्याचे प्रकार तीनच असतात. दरवेळी घड्याळाचा ठरावीक वेळ गेल्यावर थांबत असेल, तर टायमर. दरवेळी पुस्तकातल्या त्याच जागी थांबत असेल, तर फाइल किंवा रांग. दोन्हींत काहीच मेळ नसेल, तर हेडफोन, नेटवर्क किंवा बॅटरी वाचवण्याची सोय. हे न करता लोक थेट अ‍ॅप काढून पुन्हा टाकतात, सगळे डाउनलोड गमावतात, आणि दुसऱ्या रात्री आवाज पुन्हा त्याच वेळी थांबतो.

भाषा येत नसली तरी वाचता येणाऱ्या चार खुणा

चालू भागाची मोठी स्क्रीन उघडा, जिथे चित्र आणि खाली सरकणारी रेघ असते. तिथे किंवा तिथल्या तीन ठिपक्यांच्या मेनूत चार गोष्टी सापडतात. `1×` किंवा `1,5×` असा आकडा म्हणजे वेग. जर्मनमध्ये दशांश टिंबाने नव्हे, स्वल्पविरामाने लिहितात; `1,25×` पाहून कोणी घाबरू नये. चंद्रकोर, `Zz` किंवा छोटं घड्याळ म्हणजे झोपेचा टायमर. एकाखाली एक आडव्या रेघा आणि शेजारी छोटा त्रिकोण म्हणजे रांग. खाली तोंड केलेला बाण म्हणजे डाउनलोड. काम पूर्ण झालं की बाणाचा रंग बदलतो किंवा तिथे बरोबरची खूण येते.

आणि तीन शब्द असे की ते दिसले तर बोट मागे घ्यायचं: `Löschen`, `Entfernen`, `Leeren`. पुसणे, काढून टाकणे, रिकामं करणे. रांगेच्या पानावर `Warteschlange leeren` असं बटण असतं. माझ्या मावसबहिणीने ते शिकवणे या अर्थाच्या `lehren` सारखं वाटून दाबलं आणि महिनाभर जमवलेली रांग एका क्षणात साफ झाली. तुमच्या भाषेतले हे तीन शब्द आधी शोधून ठेवा.

तपासणीपुरतं अ‍ॅप आपल्याला समजेल त्या भाषेत आणता आलं तर उत्तम. त्यासाठी अख्ख्या फोनची भाषा बदलायला नको. अँड्रॉइड १३ पासून पुढे अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरलं की माहितीचं पान उघडता येतं, तिथे `Sprache` म्हणजे भाषा अशी ओळ असते. आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या नावावर गेलं की भाषेची ओळ दिसते, मात्र फोनच्या पसंतीच्या भाषांच्या यादीत एकाहून जास्त भाषा असतील तरच. ओळच नसेल तर त्या अ‍ॅपने ही सोय दिलेली नाही असं समजा आणि चार खुणांवर भागवा.

पहिली तपासणी: टायमर

इथून सुरुवात करायची, कारण तपासायला दहा सेकंद लागतात आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. चंद्रकोर रंगीत आहे का, किंवा तिच्या शेजारी उलट मोजणारा आकडा आहे का, ते पाहा. असेल तर टायमर चालू आहे.

मावसबहिणीचीच गोष्ट सांगते, कारण या दुखण्याच्या सगळ्या चकवणाऱ्या बाजू तिच्यात आहेत. ती रात्री अंथरुणात एक जर्मन कादंबरी ऐकायची. भाषा नवी, म्हणून वेग `0,75×` ठेवलेला. तिची तक्रार अशी: "ताई, हळू केलं की अ‍ॅप बिघडतं गं. साडेबावीस मिनिटं झाली की थांबतंच." पुरावाही होता तिच्याकडे. रविवारी दुपारी तिने नेहमीच्या वेगाने ऐकलं तेव्हा तासभर काही झालं नाही. म्हणजे दोष हळू वेगाचाच, नाही का?

मी तिला दोन्ही आकडे लिहायला लावले. पहिल्या रात्री सुरुवात १० वाजून १० मिनिटांनी, पुस्तक शून्यावर. थांबलं १० वाजून ४० मिनिटांनी, पुस्तक २२ मिनिटं ३० सेकंदांवर. दुसऱ्या रात्री सुरुवात १० वाजून २५ मिनिटांनी, तिथूनच पुढे. थांबलं १० वाजून ५५ मिनिटांनी, पुस्तक बरोबर ४५ मिनिटांवर. पुस्तकातली जागा दोन्ही रात्री वेगळी, घड्याळ मात्र दोन्ही वेळा ३० मिनिटं पुढे गेलेलं. ३० गुणिले ०.७५ म्हणजे २२.५. तिचे साडेबावीस आले ते इथून. बहुतेक अ‍ॅपमध्ये टायमर घड्याळाची मिनिटं मोजतो आणि रेघेवरचा आकडा पुस्तकाची, वेग काहीही असो. वेग १ नसला की हे दोन आकडे एकमेकांपासून दूर जातात आणि माणूस चुकीच्या आकड्याकडे बघत बसतो.

"पण मी टायमर लावलेलाच नाही!" हेही खरं होतं. त्या रात्री तिने लावला नव्हता. कधीतरी लावताना खालची `automatisch` असा शब्द असलेली ओळ चालू झाली होती. काही अ‍ॅपमध्ये अशी सोय असते की रात्रीच्या ठरावीक तासांत काहीही चालू केलं की टायमर आपला आपण लागतो. दुपारी ती वेळ नसते, म्हणून दुपारी अ‍ॅप ठणठणीत. खात्री करायला आम्ही तिसऱ्या रात्री वेग `1×` केला, बाकी काही बदललं नाही. पुस्तक ३० मिनिटं पुढे जाऊन थांबलं. वेग सुटला, टायमर सापडला.

यातून माझा एक नियम झालाय: एका वेळी एकच गोष्ट बदला. तिने रविवारी वेगही बदलला होता आणि वेळही, आणि दोष वेगाच्या माथी मारला.

टायमरच्या आणखी दोन खोड्या माहीत असू द्या. काही अ‍ॅप फोन हलला की टायमर पुन्हा पहिल्यापासून मोजतात. झोपेत कूस बदलताना फोन हलला की थांबण्याची वेळ पुढे जाते, त्यामुळे टायमर असूनही तो बेभरवशाचा वाटतो. आणि बरीच अ‍ॅप टायमर संपण्याआधी आवाज हळूहळू लहान करतात. आवाज विरत जाऊन थांबला असेल तर दुसरीकडे कुठे शोधत बसू नका. बॅटरी किंवा नेटवर्कमुळे थांबलेला आवाज कात्रीने कापल्यासारखा तुटतो.

मिनिटांच्या यादीत शेवटी `Ende der Folge` असा पर्याय दिसेल. `Folge` म्हणजे मालिकेतला एक भाग, आणि `Folgen` म्हणजे त्याच शब्दाचं अनेकवचनही आणि एखादी मालिका फॉलो करण्याचं बटणही. या सारखेपणामुळे तो पर्याय नकळत निवडणारे मी पाहिलेत. तो लावला की चालू भाग संपल्यावर आवाज थांबतो, पुढे रांगेत कितीही काही असो.

उलट तक्रारही येते: भागाच्या शेवटी थांबायला सांगितलं आणि पुस्तक रात्रभर चाललं. बोलक्या पुस्तकांची फाइल दोन प्रकारे येते. एक म्हणजे प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल, किंवा एकच फाइल पण आत प्रकरणांच्या खुणा घातलेल्या. एम४बी प्रकारात अशा खुणा असतात. दुसरी म्हणजे सलग लांब एमपी३, आत एकही खूण नाही. या दुसऱ्या प्रकारात अ‍ॅपला प्रकरणाचा शेवट कळायला मार्गच नसतो, त्याच्या लेखी भागाचा शेवट म्हणजे नऊ तासांनंतर पुस्तकाचा शेवट. तिथे मिनिटांचाच टायमर लावायचा. आयफोनवाल्यांना आणखी एक पळवाट आहे: घड्याळाच्या अ‍ॅपमधल्या टायमरला, वेळ संपल्यावर कोणती धून वाजवायची त्या यादीत अगदी तळाशी, चालू आवाज बंद करण्याचा पर्याय असतो. तो कोणत्याही अ‍ॅपला थांबवतो.

दुसरी तपासणी: रांग

आवाज नेमका भाग संपल्यावरच थांबत असेल आणि टायमर बंद असेल, तर रांग उघडून पाहा. जर्मनमध्ये तिला `Warteschlange` म्हणतात, शब्दशः वाट पाहणारा साप. `Schlange` म्हणजे सापही आणि माणसांची रांगही. काही अ‍ॅपमध्ये त्याऐवजी `Als Nächstes`, म्हणजे यानंतर, असं लिहिलेलं असतं.

रांग रिकामी असेल तर अ‍ॅप बिघडलेलं नाही, त्याला पुढे काय लावायचं ते सांगितलेलं नाही. लोकांची समजूत असते की एका मालिकेचा भाग लावला की पुढचा आपोआप यावा. काही अ‍ॅप तसं करतात, काही फक्त रांगेत घातलेलंच लावतात. अशा अ‍ॅपमध्ये भागाच्या शेजारी रांगेत घालण्याचे बहुधा दोन पर्याय असतात: लगेच पुढचा म्हणून, किंवा अगदी शेवटी. `Ende` हा शब्द दिसला तर तो शेवटी घालण्याचा. पुस्तकाची प्रकरणं एकेक करून लगेच पुढे घालत गेलात, तर प्रत्येक नवं प्रकरण आधीच्याच्या पुढे बसतं आणि पुस्तक उलटं वाजतं. दहा प्रकरणं घालायची असतील तर प्रत्येक शेवटी घाला, किंवा रांगेत उजवीकडच्या ठिपक्यांना किंवा रेघांना धरून वरखाली सरकवा.

रांग भरलेली असूनही पुढचा भाग लागत नसेल, तर तो भाग डाउनलोड झालेला नसून वाटेतच आणला जात असेल. मग थेट चौथी तपासणी.

तिसरी तपासणी: हेडफोन

थांबण्यात काही मेळच नसेल तर डाउनलोडमध्ये शिरण्याआधी एक रात्र हेडफोन न लावता, फोनच्याच स्पीकरवर ऐका. फुकटची तपासणी आहे आणि बिनतारी हेडफोनची बरीच पापं त्यात उघडी पडतात.

कानातून निसटलं की आवाज थांबवणारे हेडफोन असतात, उशीत कान दबला की स्पर्शाचं बटण दाबलं जातं, आणि एका वेळी दोन उपकरणांना जोडले जाणारे हेडफोन दुसरीकडे साधी सूचना वाजली तरी तिकडे धावतात. स्पीकरवर सगळं सुरळीत असेल तर अ‍ॅपला सोडा, हेडफोनच्या सेटिंगमध्ये कान ओळखण्याची आणि दोन उपकरणांची सोय बंद करून पाहा.

याच ओघात दुसरं अ‍ॅपही बघा. फोनमध्ये एका वेळी बोलण्याचा हक्क साधारण एकाच अ‍ॅपकडे असतो. नकाशाने वळण सांगितलं तर तो हक्क क्षणभरासाठी जातो आणि पुस्तक पुन्हा सुरू होतं. पण एखादा व्हिडिओ चालू झाला तर हक्क कायमचा जातो, आणि पॉडकास्ट अ‍ॅप आपण होऊन परत सुरू होत नाही. होऊही नये, हे तसंच ठरवलेलं आहे.

चौथी तपासणी: डाउनलोड खरंच पूर्ण आहे का

इथे थोडा वेळ लागतो, पण दरवेळी त्याच जागी थांबणारा आवाज बहुधा इथे सापडतो.

आधी शब्द नीट वाचा. `Heruntergeladen` म्हणजे डाउनलोड झालं. `Wird heruntergeladen` म्हणजे अजून होतंय. एका छोट्या `wird` मुळे अर्थ पूर्ण बदलतो आणि घाईत तो दिसत नाही. डाउनलोड तासन् तास `wird` वरच अडकलं असेल तर `Nur über WLAN` अशी ओळ शोधा. `WLAN` हे जर्मनमध्ये वायफायचं नाव. ती चालू असेल तर मोबाइल डेटावर डाउनलोड पुढे सरकणारच नाही.

मग प्रत्यक्ष परीक्षा. अ‍ॅप पूर्ण बंद करा, फोन विमान मोडवर टाका, अ‍ॅप पुन्हा उघडा आणि रेघेवरचं बोट भागाच्या शेवटच्या पाच मिनिटांवर नेऊन चालू करा. वाजलं तर फाइल शेवटपर्यंत आहे. आधी अ‍ॅप बंद करायचं कारण असं की नुकतंच ऐकलेलं थोडंसं तात्पुरतं साठवलेलं असतं, आणि नेट नसताना तेच वाजून फसवतं.

नाही वाजलं, तर फाइलचा आकार बघून ती कुठे तुटली याचा अंदाज काढता येतो. बोलण्याचं रेकॉर्डिंग सेकंदाला ६४ किलोबिटांचं असेल तर तासाला साधारण २९ एमबी लागतात, १२८ किलोबिटांचं असेल तर दुप्पट, सुमारे ५८. समजा तासाभराचा, ६४ किलोबिटांचा भाग आहे आणि फोनमध्ये आकार १२ एमबी दिसतोय. मिनिटाला ०.४८ एमबी या हिशेबाने १२ एमबीत २५ मिनिटं बसतात. आवाज २५व्या मिनिटाच्या आसपास थांबत असेल तर आणखी पुरावा नको: अर्धवट डाउनलोड. तेवढाच भाग पुसून पुन्हा उतरवा, इथे `Löschen` दाबायला हरकत नाही. त्याआधी फोनमध्ये जागा आहे ना ते पाहा. जागा संपल्यामुळे डाउनलोड अर्धवट राहिलं असेल तर दुसऱ्या खेपेलाही तिथेच अडकेल.

डाउनलोड पूर्ण होतं पण चार दिवसांनी गायबच झालं, असं असेल तर ऐकून झालेले भाग आपोआप पुसण्याची सोय चालू असते. `Gehörte Folgen` म्हणजे ऐकलेले भाग. त्या शब्दांजवळ `löschen` असलं की हेच ते. शेवटची दोन मिनिटं सोडून दिलेला भागही काही अ‍ॅप ऐकलेला धरतात.

आणखी एक गोष्ट दोष नसूनही दोषासारखी दिसते. अनेक पॉडकास्टमध्ये जाहिराती डाउनलोडच्या क्षणी घातल्या जातात. तोच भाग पुन्हा उतरवला की जाहिरातींची लांबी बदललेली असते, आणि अ‍ॅपने लक्षात ठेवलेलं ३१वं मिनिट आता मजकुरात थोडं पुढेमागे पडतं. पंधरा-वीस सेकंद मागे जा आणि ऐका, यावर दुसरा इलाज नाही.

पाचवी तपासणी: फोनच अ‍ॅपला झोपवतो

ही अँड्रॉइडवाल्यांसाठी. लक्षण असं: स्क्रीन बंद केल्यावर काही वेळाने आवाज तुटतो आणि घड्याळाशी नेमका मेळ बसत नाही. पक्की खूण लॉक स्क्रीनवर मिळते. टायमरने किंवा हेडफोनने थांबवलं तर तिथे अ‍ॅपची पट्टी तशीच राहते, फक्त थांबलेली दिसते. फोननेच अ‍ॅप बंद केलं असेल तर पट्टी नाहीशी होते, आणि अ‍ॅप उघडल्यावर ते पहिल्या पानापासून सुरू होतं.

अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर `Akku`, म्हणजे बॅटरी, अशी ओळ असते. आत साधारण तीन पर्याय येतात. नेमके शब्द फोनगणिक बदलतात, पण जर्मनमध्ये `eingeschränkt` म्हणजे बंधन घातलेलं. त्याच्या आधी `un` किंवा `nicht` असलेला पर्याय आपल्याला हवा. इंग्रजी फोनवर तो `Unrestricted` असतो. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल, म्हणून ही मोकळीक फक्त या एकाच अ‍ॅपला द्या. काही फोनमध्ये याशिवाय बॅटरी वाचवण्याची आणखी एक यादी असते आणि तिथूनही अ‍ॅप काढावं लागतं. हे करूनही रात्री बॅटरी सेव्हर चालू होत असेल तर आधी तो बंद करून बघा.

सहावी आणि शेवटची: पुन्हा टाकणं

अ‍ॅप काढून पुन्हा टाकणं हा उपाय मी शेवटी ठेवते, कारण त्यात गमावण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. आधी नुसती कॅशे साफ करा. `Cache leeren` मधलं `leeren` एवढंच निरुपद्रवी. त्याच्या शेजारचं `löschen` असलेलं बटण मात्र अ‍ॅपचा सगळा साठा उडवतं: डाउनलोड, रांग, कुठवर ऐकलं ती जागा.

काढायचंच असेल तर आधी दोन गोष्टी करा. मालिकांची यादी `OPML` फाइलमध्ये बाहेर काढता येते का ते सेटिंग्जमध्ये बघा. या फाइलमध्ये साधारणपणे फक्त तुम्ही कोणत्या मालिका ऐकता ते असतं. डाउनलोड आणि ऐकलेली जागा तिच्यात येत नाहीत, म्हणून रांगेच्या आणि चालू भागाच्या स्क्रीनचे फोटो काढून ठेवा. आणि जुने भाग ज्यांना जिवापाड आहेत त्यांनी हेही लक्षात घ्यावं की कित्येक मालिका आपल्या यादीत फक्त ताजे भाग ठेवतात. तुमच्या फोनमध्ये असलेला जुना भाग एकदा पुसला की पुन्हा मिळेलच असं नाही.

इथे थांबा

विकत घेतलेलं किंवा ग्रंथालयातून उसनं घेतलेलं पुस्तक फाइल पूर्ण असूनही उघडत नसेल, तर घरी करण्यासारखं जवळपास काही नाही. अशा फाइलला परवान्याचं कुलूप असतं. उसन्याची मुदत संपलेली असेल किंवा परवाना तपासायला अ‍ॅपला एकदा नेट हवं असेल. नेट चालू करून अ‍ॅप उघडा. तरीही नाही चाललं तर अ‍ॅपच्या मदत विभागाला लिहा. फाइल इकडून तिकडे हलवण्याच्या खटपटी करू नका. लिहिताना अ‍ॅपची आवृत्ती, फोनचं मॉडेल, भागाचं नाव आणि ते लिहून ठेवलेले आकडे द्या. "मध्येच थांबतं" एवढंच लिहिलंत तर उत्तरात पुन्हा टाकून पाहा असंच येईल.

एकच भाग दोन वेगवेगळ्या अ‍ॅपमध्ये, दोन्हीकडे नव्याने उतरवूनही त्याच जागी थांबत असेल, तर दोष मूळ फाइलचा आहे. मालिका काढणाऱ्यांना मिनिट आणि सेकंद कळवा आणि तो भाग सोडून पुढे जा.

आणि पॉडकास्टच नव्हे, गाणी, व्हिडिओ, रेकॉर्डिंग सगळंच तुटत असेल, फोन मध्येच बंद होऊन चालू होत असेल, बॅटरी ३० टक्क्यांवरून एकदम बंद पडत असेल किंवा फुगलेली वाटत असेल, तर अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये वेळ घालवू नका. फुगलेल्या बॅटरीचा फोन चार्जिंगला लावायचा नाही, उशाशी ठेवायचा नाही, उघडून बघायचा तर नाहीच. सरळ दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यायचा.